साइटवरची नजर आणि गडावरचं टाकं

प्रश्न: मी सिव्हिल इंजिनिअर आहे. बारा वर्षं ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या योजनांवर काम करतोय, सध्या एका ठेकेदार कंपनीत. सुट्टी मिळाली की किल्ल्यावर जातो. नियमित लिहायला सुरुवात करायची आहे, पण किल्ल्यांवर शेकडो जण लिहितात आणि पाइपलाइनवर लिहिलं तर कोण वाचणार? पेशा आणि आवड दोन्ही येतील असा विषय कसा ठरवू?

उत्तर:

गडावरचं पाणी घ्या. टाकी, तळी, विहिरी, झरे, त्यांच्याकडे पाणी आणणारे पन्हळ आणि त्यातून उतरणारा हिशेब.

उत्तर एवढंच देऊन थांबता आलं असतं. पण दुसऱ्यानं हातात दिलेला विषय चार लेखांनंतर परका वाटायला लागतो. म्हणून मी तिथवर कशी पोचले ते सांगते. नाहीच पटलं तर त्याच वाटेनं तुम्हाला दुसरा विषय काढता येईल.

मी इचलकरंजीची. वस्त्रोद्योगातली पदवी घेतली आणि बावीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढली. आवड जुन्या साड्यांची. लिहायला लागले तेव्हा तुमच्यासारखंच वाटायचं, की दोन्ही यायला हवं. मग एका आठवड्यात साड्यांवर लिहायचे आणि पुढच्या आठवड्यात मागावर. दीड वर्ष असं चाललं. साडीवाल्या वाचकांनी मागाचे लेख उघडले नाहीत, मागवाल्यांनी साडीचे. माझ्या मते दोन अर्धवट दुकानं एका शटरमध्ये चालवत होते मी.

मग मावशीनं एकदा तिची लग्नातली साडी दाखवली. काठाला अगदी लागून, काठाच्या समांतर, सुरीनं कापावी तशी सरळ चिरली होती. “एकदाच धुतली गं, आणि नीट घडी घालून ठेवली होती,” ती म्हणाली. मी साडी खिडकीपाशी नेऊन उजेडापुढे धरली. काठ जरीचा, जड आणि घट्ट विणलेला. अंग मऊ रेशमाचं. पाणी लागल्यावर दोन्ही सारखे आटत नाहीत, आणि त्या आटण्यातला फरक सगळा सांध्यावर येतो. त्यातच घडी वर्षानुवर्षं त्याच रेषेवर पडलेली. तिथले बाण्याचे, म्हणजे आडवे धागे एकेक करून गेले होते. यावर पान-दीड पान लिहिलं. आधीच्या दीड वर्षात आली नव्हती तेवढी पत्रं त्या एका लेखावर आली, आणि जवळपास प्रत्येकीनं स्वतःच्या कपाटातल्या एका साडीबद्दल विचारलं होतं.

प्रश्न घरातून आला होता, उत्तर मागावरून गेलं. तेव्हापासून मी विषय निवडताना एवढंच पाहते, की आवडीच्या वस्तूपुढे उभं राहिल्यावर माझा पेशा मला काय विचारायला लावतो. जो प्रश्न शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पडत नाही आणि मला पडल्याशिवाय राहत नाही, तो आपला.

तुमचा तो प्रश्न कोणता, हे शोधायला एक साधा उपाय आहे. मोबाइलमधले गेल्या दोन-तीन वर्षांतले गडावरचे फोटो काढून बसा. बुरूज, सूर्योदय, मित्रांचे फोटो बाजूला काढा, ते सगळ्यांकडे असतात. उरलेल्यांत काय आहे ते बघा. बारा वर्षं पाण्याच्या टाक्यांचं काम केलेल्या माणसाच्या फोनमध्ये टाक्याच्या काठावर खोदलेली चर, खांबांवर तोललेलं छत, ओसंडून पाणी जायला ठेवलेली खाच, भिंतीवरचा पाण्याच्या पातळीचा डाग असले फोटो सापडायला हवेत. सापडले तर निम्मं काम झालं. त्याऐवजी दगडांच्या सांध्यांचे आणि चुन्याचे फोटो जास्त निघाले, तर विषय बांधकाम घ्या आणि माझं पाणी सोडून द्या. काहीच निघालं नाही, तर गडावर तुम्ही इंजिनिअर म्हणून जातच नाही. तसं असेल तर जबरदस्तीनं जोड लावू नका, नुसतं भटकंतीवर लिहा.

फोटो पाण्याचे निघाले असं धरून चालू. आता पुढे लगेच नाव, बोधचिन्ह, वेळापत्रक यांत पडू नका. एक चाचणीचा लेख लिहून बघा. मी पाणीपुरवठ्यातली नाही, तरी कच्चा आराखडा मांडून दाखवते, चुका तुम्ही काढा.

समजा गडावर एक उघडं टाकं आहे, ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, अडीच मीटर खोल. भरलं की ६० घनमीटर, म्हणजे ६०,००० लिटर. पावसाळा संपल्यापासून पुढच्या पावसापर्यंत साधारण २४० दिवस काढायचे. तुमच्या कामात माणशी रोज ५५ लिटरचं माप असतं, जलजीवन मिशनचं. त्या मापानं हे टाकं चार माणसांना कसंबसं पुरतं. आता हे एकच वाक्य वाचून ट्रेकर दचकतो, कारण त्यानं त्या टाक्याकडे बघून ‘केवढं पाणी आहे!’ असं म्हटलेलं असतं.

पुढे जा. गडावरचा माणूस ५५ लिटर कशाला वापरेल? पिणं आणि रांधणं धरून १० लिटर धरा. मग पंचवीस माणसं निघतात. पण टाकं उघडं आहे. उन्हानं आणि वाऱ्यानं दिवसाला सरासरी ५ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर २४० दिवसांत १.२ मीटर पातळी नुसती बाष्पीभवनानं उतरते. २४ चौरस मीटरच्या पृष्ठभागावर ते २८,८०० लिटर झाले. उरले ३१,२००. पंचवीस माणसांची तेरा झाली. बाकीच्या बारांचं पाणी सूर्य प्यायला.

इथं लेखाला वळण मिळतं. कातळात आत शिरून, मधे खांब ठेवून खोदलेलं टाकं बघताना लोक म्हणतात ‘काय कलाकुसर आहे’. तुम्ही ते खांबटाकं सावलीच्या नजरेनं दाखवाल, की ऊन नाही, वारा नाही, म्हणून तेच पाणी जास्त माणसांना पुरतं. आणि मग लगेच त्याची अडचण. उघड्या टाक्याच्या तोंडावर घाटमाथ्यावरचा ३ मीटर पाऊस सरळ पडतो. अडीच मीटरचं टाकं बाहेरून एक थेंब न घेता भरू शकतं. छत असलेल्या टाक्याला ती सोय नाही. त्याला वरच्या कातळावरून चर खोदून पाणी आत आणावं लागतं, आणि चरीतून पाण्याबरोबर माती येते. म्हणजे खांबटाकं दिसलं की आधी वरची चर शोधायची. ही सवय वाचकाला लागली, की तो पुढच्या गडावर तुमची आठवण काढतच चढतो.

लेख झाला की त्याला दोन वेळा कात्री लावून बघा. पहिल्यांदा तुमचा पेशा काढून टाका. हिशेब, बाष्पीभवन, चर हे सगळं गेल्यावर उरतं ‘गडावर एक सुंदर टाकं आहे’. ते कुणीही लिहील. मग उलट करा, गड काढून टाका. उरतं ते पाठ्यपुस्तकातलं साठवण टाकीचं गणित, ते कुणी वाचणार नाही. दोन्ही वेळा लेख कोसळला तर जोड खरी आहे. पेशा काढूनही लेख ताठ उभा राहत असेल, तर समजा की तुम्ही इंजिनिअर म्हणून काहीच सांगितलेलं नाही, नुसतं आपण इंजिनिअर असल्याचं सांगितलंय. ही चूक फार दिसते. ‘एक डॉक्टर म्हणून मला वाटतं’ अशी सुरुवात आणि पुढे कुणालाही वाटेल तेच.

जोड लावायला दिशा दोन असतात, हेही ध्यानात घ्या. पेशातून आवडीकडे बघता येतं, नाहीतर आवडीतले दाखले देऊन पेशा समजावता येतो. ‘शिवकाळाकडून शिका पाणी व्यवस्थापन’ हा दुसरा प्रकार. व्याख्यानाला ठीक आहे, पण दहाव्या लेखाला त्याचा दम संपतो, कारण गड नुसता उदाहरणापुरता येतो आणि किल्लेवेड्या वाचकाला ते कळतं. वाचक गडासाठी येतो. गडच पुढे ठेवा, पेशा डोळ्यांत असू द्या.

आता रुंदी. विषय पुरेल का, ही भीती तुम्हालाही वाटेल. एका बैठकीत, न थांबता लेखांची नावं लिहून काढा. तीस निघतात का बघा. नावं मोघम चालणार नाहीत. ‘गडावरील जलव्यवस्था भाग १, भाग २’ हे नाव नव्हे, ती टाळाटाळ आहे. मी तुमच्यासाठी सहज लिहायला बसले तर अशी निघाली: टाक्याचा उपसलेला दगड कुठे गेला? एकाच रांगेतल्या दोन टाक्यांपैकी एक आटतं, दुसरं का नाही? शिवनेरीच्या गंगा-जमुना टाक्यांचं पाणी थंड का लागतं? भर समुद्रातल्या सिंधुदुर्गावर दूधविहीर, दहीविहीर, साखरविहीर गोड कशा? टाक्यातला गाळ काढल्यावर ते गळायला का लागतं? आणि माझं सगळ्यात आवडतं: तोफांच्या आवाजानं झरा कमी होतो का?

हे शेवटचं मी मनानं रचलेलं नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांच्या प्रकरणात बजावलंय, की आधी पाणी बघून मग किल्ला बांधावा. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल, तर आधी खडक फोडून तळी-टाकी मजबूत करावीत. आणि गडावर झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे कमी होतात आणि पाण्याचा खर्च मात्र वाढतो. किल्ल्यांवर लिहिणारे हा उतारा आदरानं देतात आणि पुढे जातात. पाणीपुरवठ्यातल्या माणसानं तिथं थांबायला हवं. हादऱ्यानं कातळातली फट बुजते की रुंदावते? जवळपास सुरुंग उडवल्यावर विहिरीचं पाणी गेल्याच्या तक्रारी तुम्ही कामावर ऐकल्या असतील. त्यांतल्या किती खऱ्या निघाल्या? एवढ्यावर एक लेख उभा राहतो, आणि तो तुमच्याशिवाय कोण लिहिणार?

तीस नावं निघाली तर त्यांतली दहा अशी हवीत, की ज्यांचं उत्तर आज, कुठलंही पुस्तक न उघडता, तुम्हाला कामाच्या अनुभवातून देता येतं. बाकीची वीस शिकायची म्हणून ठेवा. दहाही निघाली नाहीत तर विषय आवडीकडे झुकलाय. तीसच्या तीस आज येत असतील तर मात्र पंचाईत आहे. लिहिताना तुम्हाला स्वतःला काही नवं कळणार नाही आणि सहा महिन्यांत कंटाळाल. माझं पैठणीच्या बाबतीत असंच झालं होतं. हातमागाची कशी ओळखावी, तर पदर उलटा करून बघावा, मागं लोंबते धागे नसतात. झालं. ते तेवढ्यावर संपलं आणि मी पुढची दोन वर्षं तेच वेगवेगळ्या शब्दांत लिहीत राहिले असते.

उलट बाजूनं, फार अरुंदही करू नका. ‘फक्त खांबटाकी’ केलंत तर वर्षात आटेल. आणि ज्या १२ किल्ल्यांना २०२५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेवढेच धरून बसू नका. त्यांच्यावर आधीच गर्दी आहे. तुमचा हिशेब लहान, ओसाड, टेहळणीच्या गडांवर जास्त खुलेल, कारण तिथं पाणीच सांगतं की शिबंदी किती असू शकली असती.

मात्र ‘असू शकली असती’ हे शब्द सोडू नका. पेशा आणि आवड जोडणाऱ्यांची गाडी इथंच घसरते. टाक्याच्या आकारमानावरून माणसं काढणं हा वरच्या मर्यादेचा अंदाज झाला. गडावर खरोखर किती माणसं होती, हे कागदपत्रं सांगतात, आणि ते काम इतिहास अभ्यासकाचं. छिन्नीच्या खुणा बघून ‘हे टाकं सातवाहनकालीन’ असं ठोकून देऊ नका. काळ्या कातळाचे थर, मधला तांबड्या मातीचा थर, त्यांच्या सांध्यातून झिरपणारं पाणी इथवर तुम्ही बोलू शकाल. सिंधुदुर्गाच्या विहिरींसाठी मात्र एखादा भूगर्भशास्त्रज्ञ गाठा. लेखात ५ मिलिमीटर, १० लिटर, २४० दिवस ही तुम्ही धरलेली मापं आहेत हे स्पष्ट लिहा, म्हणजे वाचक स्वतःची मापं घालून बघेल. टाक्याची खोली मोजताना दोरीला दगड बांधून सोडली तर ती गाळापर्यंतच जाते, कातळापर्यंत नाही. हेही लिहायला हवं. हे तुम्हाला ठाऊक आहे, पण साठा सांगताना विसरायला होतं.

दुसरी मर्यादा जबाबदारीची. तुमच्या नावापुढे इंजिनिअर लागलं की लोक तुमचं म्हणणं सल्ला म्हणून घेतात. गाळ काढणाऱ्या तरुणांच्या गटाकडून हमखास प्रश्न येईल: ‘सर, टाकं गळतंय, सिमेंट मारू का?’ वर्षानुवर्षं साचलेल्या गाळानंच कधीकधी कातळातली फट बंद ठेवलेली असते, तो उपसला की गळती सुरू होते, हे कारण लेखात जरूर समजावा. पण उपाय दुरून सांगू नका. संरक्षित गडावर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय कुणी काही लावणं बेकायदा आहे, आणि फोटोवरून गळतीचं निदान तुम्ही कामावरही केलं नसतं. मीही साडीचा फोटो बघून ‘धुतली तर चालेल’ असं आता लिहीत नाही. एकदा लिहिलं होतं. रंग उतरला, आणि पत्र आलं ते अजून माझ्याकडे आहे.

कंपनीच्या कामातले आकडे, नकाशे, फसलेल्या योजनांची गावं लेखात आणू नका, नावं बदलूनही नको. पाचशे वस्तीच्या गावात कोणती योजना कुणाची, हे सगळ्यांना कळतं. कामातून नजर आणा, कागद तिथंच राहू द्या. नेमणूकपत्रात बाहेर लिहिण्याबद्दल काही अट आहे का, तेही एकदा वाचा.

पाण्याची प्रत हा तुमच्या विषयातला सगळ्यात वाचला जाणारा भाग ठरेल असा माझा अंदाज आहे, कारण ‘हे पाणी प्यायलं तर चालतं का’ हा प्रश्न प्रत्येक ट्रेकरच्या तोंडी असतो. इथं तुमच्या रोजच्या कामातली एक वस्तू थेट गडावर नेता येते. गावागावांत पाणी तपासायला वापरतात ती एच-टू-एसची छोटी बाटली, जिच्यात पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत काळं पडलं, की त्यात मैल्याशी संबंधित जंतू असल्याचा संशय घ्यायचा. सॅकमध्ये चार बाटल्या न्या. काय निघालं ते तारखेसकट लिहा. बाटली काळी पडली नाही म्हणून ‘पिण्यायोग्य’ असा शिक्का मात्र मारू नका, कारण ती बाटली फक्त एका गोष्टीचा इशारा देते आणि तोही त्या दिवसाचा. क्लोरीनची गोळी गढूळ पाण्यात नीट काम करत नाही, आधी पाणी गाळून मग गोळी टाकून अर्धा तास थांबायचं, ही तुमच्यासाठी फालतू गोष्ट. वाचकासाठी नवी आहे. पेशातल्या माणसाला जे सांगण्यासारखं वाटत नाही, तेच बऱ्याचदा लिहिण्यासारखं असतं.

भाषेचं एक सांगते. तुमच्या तोंडी ‘एलपीसीडी’, ‘टर्बिडिटी’, ‘ओव्हरफ्लो’ येणार. शेवटचा राहू द्या, तो सगळ्यांना कळतो. बाकीच्यांना ‘माणशी रोजचे लिटर’, ‘गढूळपणा’ म्हणा. गडावरचे शब्द मात्र सोडू नका: टाकं, खांबटाकं, पन्हळ, झरा, शिबंदी. वाचक ज्या शब्दांनी विचारतो त्याच शब्दांत लेखाचं नाव असावं. कुणी ‘दुर्गजलसंधारण’ शोधत नाही, ‘गडावर पाणी कुठे मिळेल’ असं शोधतात.

विषय बरोबर बसला की नाही, हे वाचकसंख्येवरून पहिल्या वर्षात कळत नाही. येणाऱ्या प्रश्नांवरून कळतं. ‘छान लिहिलंय, फोटो सुंदर’ एवढंच येत असेल तर तुम्ही अजून सगळ्यांसारखंच लिहिताय. ‘नोकरी कशी मिळाली’, ‘पाइपचा दर काय’ असे प्रश्न आले तर लेख पेशाकडे कलंडलाय. कुणी स्वतःहून टाक्याचा फोटो पाठवून ‘याच्या भिंतीवर दोन डाग का आहेत?’ असं विचारलं, की समजा जमलं. मला साडीच्या उलट्या बाजूचे फोटो यायला लागले तेव्हा मी मागाचे वेगळे लेख बंद केले.

सुरुवात करायची तर घराजवळचा एक साधा गड आणि त्यावरचं एकच टाकं निवडा. दसऱ्यानंतर एकदा जा, मग माघी पौर्णिमेच्या सुमारास, मग मेच्या शेवटी. दर खेपेला कातळावरच्या एकाच ठळक खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजा. कातळावर रंगानं किंवा खरवडून खूण करू नका, असलेलीच खाच धरा. किती माणसांनी पाणी भरलं ते तिथल्या चहावाल्याला किंवा गुराख्याला विचारा. मेपर्यंत तुमच्याकडे त्या टाक्याचं बाष्पीभवन, गळती आणि वापर मिळून किती पाणी गेलं याचा स्वतः मोजलेला आकडा असेल, आणि माझे वरचे ५ मिलिमीटर तुम्ही खोडून टाकाल. तिथून पहिला लेख लिहा.